शंभर शब्दांत पूर्ण गोष्ट: शशक लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शतशब्दकथा, म्हणजे शशक, लिहिणाऱ्यांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण असते. प्रसंग छान जमतो, पण गोष्ट होत नाही. म्हणून प्रश्न २ मध्ये एक पूर्ण कथा दिली आहे आणि पुढची बरीच उत्तरं तिच्याच आधाराने लिहिली आहेत. तेवढी आधी वाचून घ्या.

१. शशक आणि अलक यांत फरक काय?

अलक म्हणजे अति लघु कथा. तिला शब्दांची ठरलेली मर्यादा नसते. चार-पाच ओळींत संपली तरी चालते, थोडी लांबली तरी कुणी अडवत नाही. शशकमध्ये मात्र शब्द बरोबर १०० हवेत, ९८ किंवा १०३ नाही. मायबोली, मिसळपाव अशा मराठी संकेतस्थळांवर शशकच्या स्पर्धा झाल्या आणि हा प्रकार तिथे चांगला रुजला.

आकड्याच्या या हट्टाचा एक फायदा आहे. अलक एका चमकदार वाक्यावरही निभावून नेता येते. शंभर शब्द तेवढ्याने भरत नाहीत, आणि पाल्हाळ लावायलाही पुरत नाहीत. आरंभ, कलाटणी आणि शेवट हे तिन्ही मांडायला ही जागा जेमतेम पुरते.

२. खरंच तिन्ही बसतात का? एखादं उदाहरण मोजून दाखवाल?

बसतात. ही पाहा:

*एकतीस*

*वाटणीच्या कागदावर आईही होती: पंधरा दिवस थोरल्याकडे, पंधरा धाकट्याकडे. ओटा तेवढा सामाईक राहिला. पोचा पडलेलं पातेलं कुणालाच नको होतं. ते आईनं घेतलं.*

*एकतीस तारखेला सकाळी ती पिशवी घेऊन ओट्यावर आली.*

*“आमचे पंधरा झाले, जाऊबाई,” धाकटी म्हणाली.*

*“आमचे उद्यापासून.”*

*दोन्ही दारं लागली.*

*आई बराच वेळ बसून राहिली. मग उठली. शेजारून डाळतांदूळ आणले, अंगणात तीन दगड मांडले, पातेलं चढवलं. धूर दोन्ही घरांत शिरला. मागोमाग खिचडीचा वास.*

*दारं उघडली.*

*“आई, हे काय?” थोरल्यानं विचारलं.*

*“आज मी कुणाकडेच नाही. आज तुम्ही माझ्याकडे. पानं घ्या.”*

*भाऊ ओट्यावर शेजारी बसले. कुणी बोललं नाही. धाकट्याच्या पोरीनं बोटं चाटत विचारलं, “आजी, परत एकतीस कधी?”*

*थोरला कॅलेंडर आणायला उठला.*

शीर्षक सोडून बरोबर १०० शब्द झाले. ‘दोन्ही दारं लागली’ इथे आरंभ संपतो, त्याला ४१ शब्द लागले. ‘पानं घ्या’पर्यंत कलाटणीचा भाग आहे, ३९ शब्दांचा. उरलेल्या २० शब्दांत शेवट आहे. कथा प्रत्यक्ष वळते ती ‘मग उठली’ या दोन शब्दांत, म्हणजे जवळजवळ मध्यावर.

ही विभागणी म्हणजे नियम नव्हे. पण तुमचा आरंभ ६० शब्दांच्या पुढे गेला असेल, तर शेवट घाईत उरकला गेला आहे असं समजा. नव्या लेखकांच्या कथा बहुतेक वेळा इथेच अडतात. ८५ शब्द ओळख करून देण्यात जातात आणि उरलेल्या १५ शब्दांत कलाटणी, शेवट, अश्रू सगळं कोंबलेलं असतं.

३. गोष्ट नेमकी कुठून सुरू करायची?

बिघाड आधीच झालेला आहे आणि आता तो लपवता येणार नाही, त्या जागेपासून. ‘एकतीस’ची गोष्ट खरं तर बरीच मागे सुरू होते. वडील गेले, भावांत धुसफुस वाढली, जावांचं पटेना, पंच बसले. यातलं काहीच कथेत नाही. ‘वाटणीच्या कागदावर आईही होती’ हे पाच-सहा वर्षांचं भांडण चार शब्दांत सांगतं, कारण ‘वाटणी’ या शब्दामागचा सगळा तमाशा मराठी वाचकाला ठाऊक असतो. असे भरलेले शब्द शोधा: वाटणी, नोटीस, तेरावं, बस्ता, गहाण. एक शब्द ठेवला की मागचं निम्मं कथानक वाचक स्वतः आणतो.

पहिला खर्डा लिहून झाला की एक करून पाहा. पहिली दोन वाक्यं हाताने झाका आणि तिसऱ्यापासून वाचा. गोष्ट कळत असेल, तर ती दोन वाक्यं तुम्ही स्वतःच्या तयारीसाठी लिहिली होती. हवामानाचं वर्णन आणि सकाळी डोळे उघडणारा नायक हमखास त्याच दोन वाक्यांत सापडतात.

४. कलाटणी म्हणजे शेवटच्या ओळीचा धक्काच ना?

नाही. या एका गैरसमजाने जेवढ्या शशक बिघडतात तेवढ्या दुसऱ्या कशानेच बिघडत नसतील.

धक्क्यात फक्त वाचकाला नवीन माहिती मिळते. ज्याच्याशी ती बोलत होती तो फोटो होता, सगळं स्वप्न होतं, निवेदक मेलेला होता. पात्रांच्या आयुष्यात काहीच हललेलं नसतं. लेखकाने एक गोष्ट दडवून ठेवली आणि शेवटी दाखवली, इतकंच. कलाटणीत गोष्टीतली परिस्थिती बदलते, आणि बहुधा कुणीतरी काहीतरी करतं म्हणून बदलते.

‘एकतीस’चाच पहिला सुचणारा शेवट घ्या. कुणीच घरात घेत नाही, आई दिवसभर उपाशी बसते, रात्री ओट्यावरच प्राण सोडते. वाचक हा शेवट दुसऱ्या वाक्यालाच ओळखतो. त्यात आई काहीच करत नाही, तिच्यावर सगळं होतं. आरंभ जिथे चालला होता तिथेच कथा पोचते, वळत नाही. त्याऐवजी आई उठते, आणि ‘आई कुणाकडे?’ हा प्रश्नच उलटा होऊन ‘कोण आईकडे?’ असा होतो. वळण आहे ते इथे.

तपासायचं असेल तर दोन वाक्यं लिहा. ‘आधी असं होतं’ आणि ‘आता असं आहे’. दोन्ही वाक्यांत पात्रांची स्थिती वेगळी दिसायला हवी. वेगळं फक्त वाचकाचं ज्ञान असेल, तर तुमच्याकडे चकवा आहे. चकवा वाईट नसतो, पण तो विनोदाच्या घरचा पाहुणा आहे. गंभीर कथेत तो आला की वाचकाला आपण फसवले गेलो असं वाटतं.

५. कलाटणी अचानक वाटू नये, पण आधी कळूही नये. हे कसं जमवायचं?

कलाटणीला लागणारी प्रत्येक वस्तू आरंभात ठेवायची, पण दुसऱ्या कामाला जुंपून.

आईने खिचडी शिजवायची तर पातेलं हवं. ते ऐन वेळी पिशवीतून निघालं असतं, तर लेखकाने सोय केल्यासारखं दिसलं असतं. म्हणून ते पहिल्या परिच्छेदातच आहे. पण तिथे ते स्वयंपाकाचं भांडं म्हणून येत नाही, कुणालाच नको असलेली वस्तू म्हणून येतं. त्याची तुलना वाचक आईशी करतो आणि ‘बरोबर, दोघांची गत एकच’ म्हणून पुढे जातो. पातेल्याने आपलं काम केलं असं त्याला वाटतं. मग तेच चुलीवर चढतं. ओट्याचंही तसंच. ‘तेवढा सामाईक राहिला’ ही वाचताना वाटणीची बारीक नोंद वाटते, पण दोन्ही भावांना शेजारी बसायला दुसरी जागाच नाही.

शंभर शब्दांत अशा दोनच वस्तू पेरा, फार तर तीन. जास्त पेरल्या की आरंभ सामानाची यादी होतो. पेरलेल्या वस्तूवर जोरही देऊ नका. ‘ते पातेलं तिने जपून ठेवलं होतं’ असं लिहिलं की ते आता उपयोगी पडणार हे वाचक हेरतोच.

६. कलाटणीवरच कथा थांबवली तर काय बिघडतं?

‘पानं घ्या’ इथे थांबलं असतं तर संवाद टाळ्यांचा झाला असता, पण त्याने काही बदललं का, हे कळलं नसतं. मुलगे जेवले? की दारं पुन्हा लागली? दोन्ही शक्य होतं. शेवटाने यातलं एक निवडायचं असतं.

निवडायचं म्हणजे समजावून सांगायचं नव्हे. ‘भावांना आपली चूक उमगली’ हे चार शब्द शेवटच्या वीसांत आले असते, तर कथा शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचाराला जाऊन मिळाली असती. शेवट कृतीतून दाखवा. इथे थोरला कॅलेंडर आणायला उठतो. वर्षात एकतीस तारखेचे महिने सात असतात. तो सातांवर थांबेल की कागदच बदलेल, हे सांगितलेलं नाही. मुख्य प्रश्न सुटला आहे, पुढचा वाचकाकडे सोपवला आहे.

अपवाद आहे. कलाटणीनंतर एकच परिणाम शक्य असेल आणि वाचक तो स्वतः पाहू शकत असेल, तर तिथेच थांबा. भयकथेत हे पुष्कळदा साधतं. आतून कडी लावलेल्या रिकाम्या खोलीत कुणी खोकलं, की पुढचं लिहायची गरज नसते.

७. माझी कथा १६० शब्दांची झाली आहे. काय कापू?

आधी वाक्यं, मग शब्द. एकेक विशेषण उपटत १६० वरून १०० वर येता येत नाही. कथा कुरतडल्यासारखी दिसते. प्रश्न ३ मधल्या रीतीने सुरुवात छाटा. मग ज्याच्यामुळे काहीच घडत नाही असं पात्र काढा. साधारण १२० पर्यंत आलात की पुढचं काम वाक्यांच्या आत आहे.

मराठीत शब्द सर्वांत जास्त सांडतात ते मनाचं वर्णन करताना. ‘आई बराच वेळ विचार करत ओट्यावर बसून राहिली आणि मग तिने मनाशी काहीतरी निर्णय घेतला आणि ती उठून उभी राहिली’ हे २० शब्द आहेत. ‘आई बराच वेळ बसून राहिली. मग उठली’ हे सात. विचार, मन, निर्णय हे सगळं त्या पूर्णविरामात आलं आहे.

दुसरी गळती सर्वनामांची. क्रियापदाच्या रूपातून कर्ता कळतो, म्हणून ‘उठली’च्या आधी ‘ती’ लागत नाही. तिसरी नाम अधिक क्रियापद अशा जोड्यांची. ‘निर्णय घेतला’चं ‘ठरवलं’ करा, ‘सुरुवात केली’ बहुतेक वेळा नुसतंच उडवा.

आणि संबोधनं वापरा. ‘“आमचे पंधरा दिवस आता पूर्ण झाले आहेत,” असं धाकटी सून आपल्या थोरल्या जावेला म्हणाली’ यात १४ शब्द गेले. कथेत तेच सहांत बसलं, कारण ‘जाऊबाई’ या एका हाकेत बोलणारीचं नातं, मान आणि दुरावा तिन्ही आहेत. अहो, वन्सं, भावजी, दादा, साहेब यांतला प्रत्येक शब्द एक अख्खं ओळखवाक्य वाचवतो.

सावध राहायचं ते ‘ऊन’च्या साखळीपासून. ‘उठून, दार उघडून, बाहेर जाऊन, बघून’ अशाने शब्द वाचतात, पण सगळ्या कृती एका पातळीवर येतात आणि कलाटणीची कृती गर्दीत हरवते. ती कृती नेहमी स्वतंत्र वाक्यात, पूर्ण क्रियापदासह ठेवा.

८. शब्द मोजताना जोडशब्द, प्रत्यय, आकडे यांचं काय?

दोन मोकळ्या जागांमधला मजकूर म्हणजे एक शब्द, हा व्यवहारातला नियम. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं मराठीत जोडूनच लिहितात. त्यामुळे ‘घरासमोर’ एक शब्द, ‘थोरल्याकडे’ एक शब्द. ‘घरा समोर’ असं तोडून लिहिलं तर शब्दही वाढतो आणि शुद्धलेखनही चुकतं. ‘डाळतांदूळ’ किंवा ‘डाळ-तांदूळ’ एक, ‘डाळ तांदूळ’ दोन.

यंत्राची मोजणी एका जागी दगा देते. दोन्ही बाजूंना जागा सोडून टाकलेली आडवी रेघ काही साधनं एक शब्द म्हणून मोजतात. कथा ९९ शब्दांची असते आणि पडद्यावर १०० दिसतात. रेघा काढून पुन्हा मोजा, किंवा सरळ बोटांवर मोजा. शंभरच तर आहेत. शीर्षक मोजायचं की नाही हे ज्या स्पर्धेला पाठवताय तिच्या नियमांत पाहा.

‘चालले आहे’ दोन शब्द, ‘चाललंय’ एक. हा मार्ग मोकळा आहे, पण मग सगळं निवेदन बोलीच्या वळणाचं हवं. निम्मी कथा ‘त्याने केले’ आणि निम्मी ‘चाललंय’ अशी झाली, की शब्द कशासाठी वाचवले ते उघडं पडतं.

९. पात्रांना नावं द्यावीत का?

दोन माणसं सारख्याच नात्याची असतील आणि गोंधळ होत असेल तर द्या. एरवी नातं किंवा व्यवसाय पुरतो. नाव द्यायचंच तर ते माहिती देणारं असावं. ‘सखूबाई’ आणि ‘आर्या’ या नावांतून वय आणि काळ आपोआप कळतो. तीनापेक्षा जास्त बोलणारी माणसं शंभर शब्दांत मावत नाहीत. ‘एकतीस’मध्ये पाच बोलतात, पण सगळी एकेकदाच, आणि प्रत्येकाचं घर ठरलेलं आहे म्हणून ते निभतं.

१०. निवेदक बाई आहे की पुरुष हे मला शेवटपर्यंत लपवायचं आहे. मराठीत शक्य आहे का?

शक्य आहे, पण व्याकरण पावलोपावली पाय ओढतं. ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हटलं की संपलं. ‘जातो’, ‘जाते’चंही तेच.

वाट सकर्मक भूतकाळातून निघते. ‘मी दार उघडलं’, ‘मी चहा केला’, ‘मी चिठ्ठी वाचली’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, बोलणाऱ्याचं लिंग दिसत नाही. ‘मला भूक लागली’, ‘मला आठवलं’ हीही सुरक्षित. भविष्यकाळातलं ‘मी येईन’ दोघांचं सारखंच.

फसवतात ती काही ठरावीक क्रियापदं. पिणे, विसरणे, शिकणे यांना कर्म असलं तरी ती कर्त्याच्याच मागे जातात: ‘मी पाणी प्यायलो’, ‘मी किल्ली विसरले’. कच्च्या खर्ड्यात लिंग फुटतं ते हमखास अशा एखाद्या क्रियापदापाशी. कोल्हापूरकडच्या बोलीत बायकाही ‘मी येतो’ म्हणतात. त्या भागातली कथा असेल तर तो आडोसा वापरता येईल, पण बाहेरचा वाचक त्याला चूक समजण्याचा धोका आहे.

एवढी कसरत करण्याआधी प्रश्न ४ मधली दोन वाक्यं लिहून पाहा. लिंग उघड झाल्याने पात्रांच्या स्थितीत काही बदलत नसेल, तर हाती चकवाच राहतो.

११. कथेत दहा वर्षं जातात. शंभर शब्दांत काळाची उडी चालते का?

एक उडी चालते. ती कलाटणीच्या आधी घ्या आणि तिला एक खूण द्या: तीच वस्तू, बदललेली. फाटकाचा रंग उडालेला, पाटीवरचं नाव बदललेलं. ‘दहा वर्षांनंतर’ लिहायला फक्त दोन शब्द लागतात, म्हणून तेही चालेल. कलाटणीनंतर उडी घेतली तर मात्र शेवट अहवाल होतो: पुढे असं झालं, मग तसं झालं. दोन उड्या लागत असतील तर ते बीज शशकचं नाही. त्याची चार पानी कथा करा.

१२. शीर्षकाने काय करावं?

कथेत न मावलेलं एखादं काम करावं, गुपित मात्र फोडू नये. ‘एकतीस’ हे शीर्षक पहिला परिच्छेद वाचताना निरर्थक वाटतं, आणि म्हणूनच तारीख आल्यावर ती नजरेत भरते. ‘आईची खिचडी’ ठेवलं असतं तर मध्यावरचं वळण वरच सांगून झालं असतं. ‘माया’, ‘नियती’, ‘काळाचा महिमा’ अशी शीर्षकं कुठल्याही कथेला लागतात.

१३. वाचणारे म्हणतात, शेवट कळला नाही. समजावून लिहू का?

लगेच नको. कथा न वाचलेल्या दोघांना ती द्या आणि ‘आवडली का?’ असं न विचारता ‘काय झालं ते सांगा’ म्हणा. दोघंही एकाच जागी अडखळले तर दोष आरंभात आहे. शेवटाला लागणारी एखादी वस्तू किंवा नातं तिथे नीट दिसलेलं नसतं. दुरुस्ती तिथेच करा, शेवटाला हात लावू नका. एकालाच कळलं नसेल तर सोडून द्या.

उलट तक्रारही येते, की शेवट आधीच ओळखला. मग त्यांना विचारा, कुठल्या शब्दाला ओळखला? बहुतेक वेळा बोट एखाद्या विशेषणावर पडतं. ‘बिचारी आई’, ‘स्वार्थी मुलगा’. ते विशेषण काढून टाका आणि तिसऱ्या कुणालातरी वाचायला द्या.